पंजाबी ड्रेसऐवजी पँट-शर्ट हवाय? शाळेकडे युनिफॉर्ममध्ये मुभा कशी मागायची

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी दिसतो, वर्गात अंग चोरून बसलेलं मूलही दिसतं आणि नंतर स्टाफरूममध्ये त्याच्या अर्जावर काय चर्चा होते तीही ऐकू येते. यातले बरेच अर्ज नाकारले जातात ते मागणी चुकीची असते म्हणून नाही, मागायची पद्धत अशी असते की मुख्याध्यापकांना 'नाही' म्हणणंच सोपं पडतं. म्हणून इथे मुद्दाम एकाच गोष्टीवर लिहितेय, 'हो' म्हणणं सोपं जाईल असा अर्ज कसा करायचा.

उदाहरण एकच धरू. समजा नववीतलं मूल आहे, शाळेच्या रजिस्टरला मुलगी म्हणून नाव आहे. पाचवी ते सातवी पिनाफोर, आठवीपासून पंजाबी ड्रेस आणि दोन्ही खांद्यांवर पिन लावलेली ओढणी, दोन वेण्या, काळ्या रिबिनी. मुलांना फुल पँट आणि हाफ शर्ट. या मुलाला ओढणी-कुर्ता नकोसा होतो, पीटीच्या दिवशी ट्रॅकपँट असते तेव्हा ते मूल खुलतं आणि बाकी दिवशी मधल्या सुट्टीतसुद्धा बाकावरून उठत नाही. ट्रान्स आहे का, म्हणजे मनातून स्वतःला मुलगा मानतं का, नॉन-बायनरी आहे का, म्हणजे मुलगा किंवा मुलगी या दोन्हींत बसत नाही का, की नुसतं पँटमध्ये बरं वाटतं, हे त्याचं त्यालाही अजून माहीत नसेल, आणि अर्जासाठी ते माहीत असायची गरजही नाही. हा मुद्दा पुढे परत येईल.

आधी नियम नक्की कुठे लिहिलाय ते शोधा

"शाळेचा नियम आहे" असं सगळे म्हणतात पण तो कुठल्या कागदावर आहे हे फार थोड्यांना सांगता येतं. शाळेच्या डायरीतलं गणवेशाचं पान काढा, प्रवेशाच्या वेळी सही केलेलं माहितीपत्रक काढा, दुकानदाराकडे असलेली शाळेची यादीसुद्धा बघा. तिन्हीत शब्द वेगळे सापडतात, हे मी पैजेवर सांगते. डायरीत कधी नुसतं 'शाळेचा निर्धारित गणवेश' असतं आणि मुली-मुलगे असा भेद फक्त दुकानातल्या यादीत असतो. असं असेल तर तुमचं अर्धं काम झालं, कारण नियम बदला असं म्हणावंच लागत नाही, आहे त्या नियमातच तुम्ही बसता.

नियम ठरवतं कोण हेही बघा, कारण तिथेच उत्तर मिळणार असतं. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत पहिली ते आठवीसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते, शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालक असावे लागतात. मध्यंतरी 'एक राज्य एक गणवेश' आलं, कपडे वेळेवर पोचले नाहीत, मापं चुकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचा अधिकार परत या समित्यांकडे दिला. म्हणजे तिथे तुमच्या शेजारच्या गल्लीतले पालकच निर्णय घेणारे असतात, समितीच्या बैठकीत विषय घेता येतो. अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आणि संस्थाचालक ठरवतात. विनाअनुदानित खासगी शाळेत तर संस्थाच सर्वेसर्वा, मुख्याध्यापिका कितीही चांगली असली तरी "वरून विचारते" म्हणते आणि ते खरंही असतं.

काय मागायचं: नवीन काही नको, यादीतलंच हवं

सगळ्यात महत्त्वाचं हेच. 'जेंडर न्यूट्रल युनिफॉर्म लागू करा' ही मागणी चांगली आहे पण ती धोरणाची मागणी आहे, तिला वेळ लागतो, विरोध होतो, वर्तमानपत्रात येतं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगरा गावच्या सरकारी प्राथमिक शाळेने सगळ्यांना थ्री-फोर्थ आणि शर्ट दिला, ते शांतपणे पार पडलं. मग डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोडजवळ बालुश्शेरीच्या शाळेत अकरावीच्या मुलींना पँट-शर्ट आला तेव्हा मोर्चे निघाले, आणि २०२२ मध्ये सरकारला सांगावं लागलं की आम्ही कुणावर कसलाही ड्रेस लादणार नाही. एका मुलाला पुढच्या सोमवारी वर्गात नीट बसता यावं एवढंच हवं असेल तर त्याच्या डोक्यावर ही सगळी लढाई कशाला.

म्हणून मागणी अशी करायची की शाळेने आधीच मान्य केलेला, त्याच रंगाचा, त्याच कापडाचा, त्याच दुकानात मिळणारा पँट-शर्ट माझ्या पाल्याला घालू द्या. बॅज तोच, बेल्ट तोच, बूट तेच. असं मागितलं की 'शिस्त बिघडेल' हा मुद्दा बराचसा गळून पडतो. शिस्तीची बाजू तुम्हीच लिहून द्या, म्हणजे पूर्ण गणवेश रोज, स्वच्छ, इस्त्री केलेला.

केसांचं वेगळं असतं. मुलगा म्हणून नाव असलेल्या मुलाला केस वाढवायचे असतील तर शाळेच्या यादीत त्यासाठी पर्यायच नसतो, पण मुलींसाठीचा नियम असतोच, 'खांद्याखाली केस असतील तर बांधावेत'. तोच नियम मला लावा असं म्हणायचं, काळा रबर लावून घट्ट बांधेन असं लिहून द्यायचं. आमच्या नववीतल्या मुलाचं उलट आहे, त्याला बॉयकट हवाय, आणि आश्चर्य म्हणजे बऱ्याच शाळांत मुलींच्या बॉयकटला कुणाची हरकत नसते, वेण्या फक्त लांब केसांना सक्तीच्या असतात. डायरी नीट वाचली तर केसांसाठी वेगळी परवानगी लागत नाही असं निघू शकतं, मग ती मागूच नका. न लागणारी परवानगी मागितली की नकार मिळायची सोय आपणच करून देतो.

कारण किती सांगायचं

इथे पालक आणि मुलं दोघंही गडबडतात. एक तर सगळंच लिहून टाकतात, किंवा मग घाबरून खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणतात.

सर्टिफिकेटचं आधी बोलते. स्टाफरूममध्ये कुणीतरी प्रेमानेच सुचवतं, "स्किन अॅलर्जीचं आणा ना एखादं, लगेच होऊन जाईल." होतंही. पण ते महिना-दोन महिन्यांचं असतं, मग नवीन आणा, आणि ज्या दिवशी कुणी विचारतं की अॅलर्जी सलवारची आहे तर सुती पँटची का नाही, त्या दिवशी मूल खोटं पडतं आणि नंतरचं खरं कारणही कुणी ऐकत नाही. खरोखर त्रास असेल तर गोष्ट वेगळी. ऑटिझम असलेल्या मुलाला ओढणी, कॉलर, शिवण सहन होत नसेल तर ते सांगाच, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी समायोजन ही शाळेची जबाबदारीच आहे, मान्यताप्राप्त खासगी शाळेचीसुद्धा. वाजवी समायोजन म्हणजे त्या एका व्यक्तीला इतरांसारखं शिकता यावं म्हणून केलेला गरजेपुरता बदल, जो करताना संस्थेवर अवाजवी बोजा पडत नाही. ही व्याख्या लक्षात ठेवा, दिव्यांगत्व नसलं तरी अर्जाचा साचा म्हणून ती फार कामाची आहे. गरज काय, बदल काय, शाळेवर बोजा किती, बस.

ओळखीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या अर्जात लिहू नका, मुलाने स्वतः ठरवलं असेल तरच लिहा. शाळेत अर्ज गुप्त राहत नाही. तो क्लार्कच्या टेबलावर असतो, सुपरवायझर वाचतात, शिपाई फाइल घेऊन जातो, आणि चार वाजेपर्यंत दहावीच्या वर्गापर्यंत पोचलेला असतो. घरात वडिलांना माहीत नसेल आणि शाळेने फोन घरीच लावला तर काय, हा विचार अर्ज द्यायच्या आधी करायचा. मूल अल्पवयीन आहे म्हणजे सही पालकांची लागणारच, ती आईची चालते, दोघांची पाहिजे असा आग्रह धरला तर कुठल्या नियमाने ते विचारा. आणि घरात एकही मोठं माणूस सोबत नसेल तर अर्जाऐवजी आधी विश्वासातल्या शिक्षिकेशी तोंडी बोला, ट्रॅकपँट रोज घालू देणं एवढं तरी क्लास टीचर स्वतःच्या पातळीवर बऱ्याचदा जमवू शकते.

अर्ज

एक पान, त्याहून मोठा नको. साधारण असा:

*प्रति, मा. मुख्याध्यापक.*
*विषय: गणवेशातील पँट-शर्ट हा पर्याय वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.*
*महोदय, माझे पाल्य इयत्ता ९ वी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. सध्याच्या गणवेशातील कुर्ता व ओढणीमुळे त्याला दिवसभर अतिशय अवघडलेपण येते व त्याचा परिणाम वर्गातील सहभागावर होत आहे. पीटीच्या गणवेशात हा त्रास होत नाही, असे वर्गशिक्षिकांच्याही लक्षात आले आहे. तरी शाळेच्या गणवेश यादीतीलच फुल पँट व हाफ शर्ट वापरण्याची परवानगी द्यावी. रंग, कापड, बॅज, बेल्ट व बूट शाळेच्या नियमाप्रमाणेच राहतील व खर्च आम्ही करू. प्रथम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत परवानगी देऊन नंतर आढावा घ्यावा, अशी विनंती आहे. ही बाब वर्गात किंवा परिपाठात जाहीर करू नये. आपला निर्णय लेखी कळवावा.*

वर्गशिक्षिकांचं नाव घालण्याआधी त्यांना विचारून घ्या, नाहीतर त्या बिचाऱ्या ऑफिसात उलट सांगून मोकळ्या होतात. दिवाळीपर्यंतची मुदत मुद्दाम टाकलीय, कायमचा निर्णय घ्यायला मुख्याध्यापक घाबरतात, तीन-चार महिन्यांचा घ्यायला कमी घाबरतात, आणि दिवाळीपर्यंत काहीच आभाळ कोसळत नाही हे सगळ्यांना दिसलेलं असतं. गुप्ततेची ओळ गाळू नका.

आता पोच. अर्ज मुख्याध्यापकांच्या हातात देऊन "बघते मी" ऐकून घरी आलात तर तो अर्ज दिलेलाच नाही असं समजा. दोन प्रती न्यायच्या, एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर क्लार्ककडून आवक क्रमांक, तारीख आणि शाळेचा शिक्का घ्यायचा. क्लार्क म्हणेल "अहो कशाला, सर घरचेच आहेत". हसून म्हणायचं "फाइलला लागते हो", आणि तिथेच उभं राहायचं. शिक्का देतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा पोचपावतीसह, आणि शाळेच्या ईमेलवर फोटो.

भेटीत काय म्हणतात आणि काय उत्तर द्यायचं

बोलावणं येतं आठवड्याभरात. मुलाला बाहेर बसवा, निदान पहिली दहा मिनिटं.

"एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल" हे हमखास येतं. उत्तर: जो लेखी अर्ज करेल आणि पालकांची सही देईल त्याचा विचार करा, बाकीच्यांना लागू नाही. प्रत्यक्षात रांग लागत नाही.

"मुलांच्या टॉयलेटला जाणार का मग?" हा प्रश्न कपड्यांचा नाहीच, पण विचारला जातो, त्यामुळे उत्तर तयार ठेवा. आमच्या उदाहरणात: सध्या जिथे जातंय तिथेच जाईल, किंवा स्टाफजवळचं किंवा दिव्यांगांसाठीचं एकटं टॉयलेट वापरू द्या, चावी वर्गशिक्षिकेकडे. मुलाला आधी विचारून हे ठरवा, नाहीतर टेबलावर भलतंच कबूल केलं जातं. पँटमध्ये मुलींच्या टॉयलेटला गेल्यावर बाकीच्या मुली ओरडतील का, याची भीती मुलालाच जास्त असते.

"बाकीची मुलं चिडवतील" यावर मी म्हणेन की चिडवताहेतच, आणि चिडवणाऱ्यांना आवरणं हे शाळेचं काम आहे.

"परवानगी आहे पण स्नेहसंमेलन, २६ जानेवारी आणि ग्रुप फोटोला पंजाबी ड्रेसच." यावर लगेच हो म्हणू नका, घरी जाऊन मुलाला विचारा. काहींना वर्षातले तीन दिवस चालतात, काहींना नेमका तो फोटोच नको असतो कारण तो आयुष्यभर भिंतीवर राहतो. संचलनाला मागच्या रांगेत उभं करणं हा काही तोडगा नाही.

तोंडी हो मिळालं तर त्याच संध्याकाळी ईमेल टाका, "आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक तारखेपासून पाल्य पँट-शर्टमध्ये येईल, धन्यवाद." कारण तोंडी परवानगी मोडते ती ठरलेल्या जागी, गेटवर. बदली सुपरवायझर असतात किंवा नवीन पीटी सर, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि सगळ्या शाळेसमोर मुलाला बाजूला काढलं जातं. म्हणून परवानगीच्या पत्राची झेरॉक्स डायरीच्या मागच्या कप्प्यात ठेवायची, आणि दुसरी सुपरवायझरच्या टेबलावर जाईल असं बघायचं.

नाही म्हटलं तर

पहिलं म्हणजे नकार लेखी मागा, कारणासह. नुसतं लेखी मागितल्यावर निर्णय बदलल्याचं मी पाहिलंय. पंधरा-वीस दिवस काहीच आलं नाही तर स्मरणपत्र, त्यावर आधीचा आवक क्रमांक टाकून. अनुदानित शाळा असेल तर माहिती अधिकारात 'गणवेश निश्चित करणाऱ्या ठरावाची प्रत' मागता येते, दहा रुपये फी, उत्तराला तीस दिवस. ठराव निघतच नाही असंही होतं, मग 'नियम' हा शब्द बराच मऊ होतो.

त्यानंतर वर जायचं. प्राथमिकसाठी तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत माध्यमिकसाठी विभागाचे शिक्षण निरीक्षक. मुलाला वर्गाबाहेर उभं केलं, घरी पाठवलं, टोमणे मारले असं काही झालं असेल तर ती तक्रार वेगळी करा, युनिफॉर्मच्या अर्जात मिसळू नका. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळाला बंदी घालतं आणि कलम १६ प्रमाणे शाळेतून काढता येत नाही. नववीच्या मुलाला हा कायदा लागत नाही, पण राज्य बालहक्क संरक्षण आयोग अठरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी आहे आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनसुद्धा. तारखा लिहून ठेवा, डायरीतल्या रिमार्कचे फोटो काढा.

कायद्याचा जोर किती ते खरं खरं सांगते. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की पोशाखातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हे अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम १३ मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता समावेशक शिक्षण द्यायला सांगतं, आणि कलम ११ प्रमाणे संस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका ट्रान्सजेंडर शिक्षिकेला शाळांनी नोकरीवरून काढल्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने वाजवी समायोजन ही ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाबतीतही संस्थांची जबाबदारी मानली. हे तीनही तुमच्या बाजूने आहेत. पण हा रस्ता धरला की 'मूल ट्रान्सजेंडर आहे का' हा प्रश्न कागदावर येतो, व्याख्या आणि सर्टिफिकेट यांवर वाद होतो, म्हणून हे मी दुसऱ्या पायरीसाठी राखून ठेवते. वापरायचंच ठरलं तर अर्जाच्या दिवशी कायद्याचा चालू मजकूर इंडिया कोड या कायद्यांच्या सरकारी साइटवर बघून घ्या, जुन्या फॉरवर्डवर विसंबू नका.

आणि दुसरी बाजू. शाळेला युनिफॉर्म ठरवायचा अधिकार आहे हे कोर्टं मान्य करत आलीत. कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, हिजाबला बंदी घालणाऱ्या चेंबूरच्या कॉलेजच्या ड्रेसकोडला जून २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने हात लावला नाही आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या काही भागाला स्थगिती दिली. ती प्रकरणं धर्माची होती, आपलं वेगळं आहे, पण 'कोर्टात गेलो की जिंकलोच' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. केंद्राकडूनही तयार नियमावली हातात नाही, एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांच्या समावेशाबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती, युनिफॉर्मचा विषयही होता तीत, पण वाद झाला आणि काही दिवसांतच ती साइटवरून गेली. म्हणून सगळा भर त्या एका पानाच्या अर्जावर.

परवानगी मिळाल्यावर

कापड शाळेच्याच दुकानातून घ्या, पण माप स्वतः सांगा, मुलांच्या तयार पँटचं माप कमरेला सैल आणि सीटला घट्ट येतं, शिवून घेतलेली बरी. शर्ट एक साइज मोठा आणि आत बनियन, नाहीतर पांढऱ्या शर्टातून दिसतं आणि मूल दुसऱ्याच कारणाने अंग चोरायला लागतं. छाती दाबण्यासाठी क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळायचा प्रकार मुलं गुपचूप करतात, तो करू देऊ नका, श्वास अडकतो, पीटीत चक्कर येते. घट्ट स्पोर्ट्स ब्रा पुरते, आणि तीही झोपताना काढायची.

दिवाळीनंतर आढाव्याचं पत्र तुम्हीच द्या, शाळा विसरलेली असते. त्यात हजेरी आणि वर्गातला सहभाग यावर दोन ओळी, आणि परवानगी शाळा सोडेपर्यंत करण्याची विनंती. दहावीच्या वर्षी आणखी एक काम येतं: बोर्डाचं केंद्र बहुतेक वेळा दुसऱ्या शाळेत असतं, तिथे गेटवरच्या माणसाला मुलगी असं लिहिलेलं हॉलतिकीट आणि पँट-शर्टमधलं मूल यांचा मेळ लागत नाही. हॉलतिकिटासाठी फोटो हल्लीचा, सध्याच्या केसांतला द्या, पेपर सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापकांना केंद्रसंचालकांशी एक फोन करायला सांगा, आणि परवानगीच्या पत्राची शाळेच्या शिक्क्याची प्रत पारदर्शक पाऊचमध्ये हॉलतिकिटाच्या मागे ठेवा.